मनीऑर्डर आणि वृद्धाश्रम

भांडुपच्या कारखान्यांत नोकरीला लागलेली कोकणातली कितीतरी मुलं आईवडिलांना गावीच ठेवून आली. महिन्याला मनीऑर्डर, गणपतीला भेट. त्यांना कुणी दोष दिला नाही, कारण गावात घर होतं, भाऊ-भावजय होती, भावकी होती.

आज तेच नोकरदार ऐंशीच्या घरात आहेत. सून-मुलगा सकाळी सातची लोकल पकडतात, दिवसभर फ्लॅटमध्ये म्हातारा एकटा. वृद्धाश्रमाचं नाव निघालं की त्याला वाटतं, आपल्याला टाकलं. आणि मुलाला भीती, नातेवाईक काय म्हणतील! साठीतली पिढी मात्र स्वतःहून चौकशी करते: डॉक्टर येतो का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात पालकांना सोडून देण्याच्या हेतूने कुठेही टाकणं हा गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमांची तरतूदही आहे. म्हणजे गुन्हा टाकून देण्याचा, सोय करण्याचा नव्हे.

तेव्हा ठरवण्याआधी आईवडिलांना सोबत नेऊन जागा दाखवा, शक्य असेल तर महिनाभर राहून बघू द्या. आणि त्यांनी नाही म्हटलं, तर ते ऐका.