न ऐकू आलेला ‘ट्’ : उच्चारचेष्टा आणि लोपाचा प्रश्न

अमुक एक माणूस बोलताना अक्षरे खातो, अशी तक्रार मराठीत सर्रास केली जाते. या तक्रारीत एक वर्णन आहे आणि एक निवाडाही आहे. जो ध्वनी उच्चारायला हवा होता तो उच्चारला गेला नाही, हे वर्णन. आणि न उच्चारणे हा बोलणाऱ्याचा आळस किंवा हलगर्जीपणा आहे, हा निवाडा. निवाडा योग्य की अयोग्य याची चर्चा पुष्कळ होते. वर्णन मात्र बिनतक्रार स्वीकारले जाते, कारण ते कानांनी दिलेल्या साक्षीवर उभे असते. जे ऐकू आले नाही ते केलेच गेले नाही, असे यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या गृहीतकाच्या मुळाशी भाषणाविषयीचे एक चित्र आहे. शब्द म्हणजे एकामागून एक येणाऱ्या स्वनखंडांची माळ. एक मणी संपला की दुसरा सुरू होतो. माळेत एखादा मणी असतो किंवा नसतो, तिसरी शक्यता संभवत नाही. लिपीच्या सवयीने हे चित्र इतके अंगवळणी पडले आहे, की ते चित्र आहे याचाही विसर पडतो. वस्तुतः आरशासमोर उभे राहून ‘ती’ आणि ‘तू’ हे दोन शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. ‘तू’ म्हणताना जिभेचे टोक दातांना टेकलेले असतानाच ओठ गोल होऊ लागलेले दिसतात. ‘ती’मध्ये ते पसरट राहतात. म्हणजे व्यंजन चालू असतानाच स्वराची हालचाल सुरू झालेली असते. माळेतला दुसरा मणी पहिल्याच्या जागेत शिरलेला असतो.

कॅथरीन ब्राउमन आणि लुई गोल्डस्टीन यांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील हॅस्किन्स प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दशकात जो उच्चारणाधिष्ठित स्वनिमविचार मांडला, त्याने हे शिरकाव करणे अपवाद न मानता भाषणाचे मूळ रूप मानले. त्यांचा पहिला विस्तृत निबंध १९८६ चा. त्यांच्या मते शब्दाचे घटक स्वनखंड नसून उच्चारचेष्टा आहेत. उच्चारचेष्टा म्हणजे मुखमार्गात एखाद्या ठिकाणी विशिष्ट प्रमाणात संकोच घडवून आणण्याची क्रिया: ओठ मिटणे, जिभेचे टोक हिरडीला टेकणे, जिभेचा मागचा भाग मृदुतालूला टेकणे, पडजीभ असलेला मऊ टाळू खाली येऊन नाकाची वाट उघडणे, कंठद्वार विस्फारणे. या चेष्टा कालाच्या आडव्या अक्षावर, प्रत्येक अवयवासाठी स्वतंत्र ओळ राखून, पट्ट्यांच्या रूपाने मांडल्या की जो आलेख तयार होतो त्याला त्यांनी ‘जेश्चरल स्कोअर’ म्हटले. त्याला मराठीत ‘चेष्टालेख’ म्हणता येईल. नाव पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरलेखावरून आलेले आहे. त्या लेखात प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी असते आणि एका वाद्याचा सूर संपण्यापूर्वी दुसऱ्याचा सुरू होतो, तसेच येथे.

चेष्टेची गती ज्या गणिताने सांगितली जाते ते एलियट साल्ट्झमन आणि त्यांचे सहकारी यांनी विकसित केले. त्यातील कल्पना साधी आहे. चेष्टा ही एका स्प्रिंगसारखी मानायची. ताणलेली स्प्रिंग आपल्या स्थिर बिंदूकडे ओढली जाते. तिला पुरेसा अवरोध असेल तर ती मागेपुढे न झुलता त्या बिंदूपाशी येऊन विसावते. ओठांचा स्थिर बिंदू ‘मिटलेले’ असा ठरवून दिला, की वरचा ओठ, खालचा ओठ आणि जबडा यांनी मिळून तो गाठायचा असतो. कोणी किती हलायचे हे आधी ठरलेले नसते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चेष्टेचा काल तिच्या बाहेरून मोजून दिलेला नसतो, तो तिच्या घडणीतच असतो. आणि दोन चेष्टांमधील अंतर भाषणाच्या गतीनुसार कमी-जास्त होऊ शकते. घाईत बोलताना पट्ट्या एकमेकींवर सरकतात.

या सिद्धांताचे सर्वांत बोलके उदाहरण ‘परफेक्ट मेमरी’ या इंग्रजी शब्दजोडीचे आहे. क्ष-किरणांच्या अतिसूक्ष्म झोताने, ओठांवर आणि जिभेवर चिकटवलेल्या धातूच्या बारीक गोळ्यांचा मागोवा घेऊन नोंदलेली सामग्री ब्राउमन व गोल्डस्टीन यांनी तपासली. एकाच व्यक्तीने हे दोन शब्द दोन प्रकारे उच्चारले होते: एकदा शब्दांच्या यादीत सुटेसुटे, आणि एकदा सलग वाक्प्रयोग म्हणून. सुट्या उच्चारात ‘परफेक्ट’च्या शेवटचा ‘ट्’ स्पष्ट ऐकू येतो. सलग उच्चारात तो ऐकू येत नाही. परंपरागत ध्वनिलेखन करणारा अभ्यासक येथे ‘परफेक् मेमरी’ असे लिहील आणि ट्-लोपाचा नियम नोंदवून मोकळा होईल. गोळ्यांच्या मागोव्यात मात्र वेगळेच दिसले. सलग उच्चारातही जिभेचे पुढचे टोक ‘ट्’साठी वर गेलेले होते, आणि जवळजवळ तितकेच वर गेलेले होते जितके सुट्या उच्चारात. बदललेली होती ती फक्त भोवतालच्या चेष्टांची वेळ.

मग तो ऐकू का आला नाही? याचे उत्तर स्पर्शव्यंजनाच्या स्वभावात आहे. स्पर्शाच्या मध्यभागी हवेची वाट बंद असते आणि अघोष स्पर्शात तर तेथे केवळ शांतता असते. ‘क्’ची शांतता आणि ‘ट्’ची शांतता यांत कानाला फरक करता येत नाही. स्पर्शाची ओळख त्याच्या दोन कडांवर पटते: वाट बंद होत असताना आधीच्या स्वराला जे वळण लागते ते, आणि वाट उघडताना जो लहानसा स्फोट होतो तो. सलग उच्चारात ‘ट्’च्या दोन्ही कडा झाकल्या गेल्या. जीभ हिरडीला टेकली तेव्हा मागे ‘क्’साठी मृदुतालूपाशी वाट आधीच बंद होती, त्यामुळे आरंभाची कड निःशब्द. जीभ हिरडीवरून सुटली तेव्हा पुढे ‘म्’साठी ओठ मिटलेले होते, त्यामुळे शेवटचा स्फोट बाहेर पडला नाही. क्रिया पूर्ण झाली, तिचा ध्वनिरूप पुरावा मात्र नष्ट झाला. वक्त्याने अक्षर खाल्ले नव्हते. शेजाऱ्यांनी ते झाकले होते.

या स्पष्टीकरणातून एक भाकीतही निघते आणि सिद्धांताचे खरे बळ तेथे आहे. ज्या दोन चेष्टा भिन्न अवयवांच्या आहेत त्या एकमेकींवर सरकल्या तरी दोन्ही पूर्ण होऊ शकतात. एक दुसरीला झाकते एवढेच. ज्या चेष्टा एकाच अवयवाच्या आहेत त्या एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. तेथे मिश्रण झाले पाहिजे. ‘टेन थीम्स’ असे घाईत म्हटले की ‘न्’ हिरडीवरून दातांकडे सरकतो, कारण ‘न्’ आणि ‘थ्’ दोघांनाही जिभेचे टोकच हवे असते. स्वनखंडांच्या माळेत ‘लोप’ आणि ‘सवर्णीभवन’ हे दोन वेगळे नियम मानावे लागतात. येथे एकाच सरकण्याची ती दोन फळे ठरतात. सहज बोलण्यात चेष्टा सरकतात आणि लहान होतात, पण पुसल्या जात नाहीत वा नव्याने घातल्याही जात नाहीत, हा ब्राउमन व गोल्डस्टीन यांचा धाडसी दावा याच विचारातून आलेला आहे.

भारतीय वाचकाला येथे पाणिनी आठवणे स्वाभाविक आहे. अष्टाध्यायीत लोपाची व्याख्या ‘न दिसणे’ अशी केलेली आहे, नाश अशी नाही. आणि प्रत्यय लुप्त झाला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य टिकते, असेही पुढे सांगितलेले आहे. साम्य मोहक आहे, पण ते फार ताणू नये. पाणिनीचा लोप हा शब्दसिद्धीच्या प्रक्रियेतला आहे. त्याचा जिभेच्या हालचालीशी संबंध नाही. मुखातील क्रियेच्या अंगाने पाहायचे तर प्रातिशाख्यांतील ‘अभिनिधान’ ही संकल्पना अधिक जवळची आहे. एका स्पर्शापुढे दुसरा स्पर्श आला असता पहिला धरून ठेवला जातो आणि त्याचा नाद दबतो, असे तेथे वर्णन आहे. वर्ण आहे, त्याचा आवाज दबलेला आहे, ही अवस्था त्या आचार्यांनी असणे आणि नसणे यांपासून वेगळी ओळखली होती. क्ष-किरणांविना, केवळ स्वतःच्या मुखाकडे लक्ष देऊन त्यांनी ती ओळखली, याचे मोल कमी नाही.

परंतु झाकलेल्या प्रत्येक ध्वनीमागे चेष्टा असतेच काय? येथे सिद्धांताची वाट अवघड होते. फ्रान्सिस नोलन यांनी १९९२ मध्ये कृत्रिम टाळूच्या साह्याने केलेल्या नोंदींची चर्चा केली. या पातळ टाळूत विद्युदग्रे बसवलेली असतात आणि जीभ कोठे टेकली ते त्यांवरून कळते. इंग्रजीत ‘ट्’, ‘ड्’सारख्या वर्णापुढे ‘क्’ आला असता, कधी जिभेच्या टोकाचा पूर्ण स्पर्श, कधी केवळ कडांचा अर्धामुर्धा स्पर्श आणि कधी स्पर्शाचा मागमूसही नाही, अशा पायऱ्या त्यांत आढळल्या. मधली पायरी चेष्टावाद्यांना अनुकूल आहे, कारण ‘आहे किंवा नाही’ एवढेच सांगणाऱ्या माळेला तिचे स्पष्टीकरण देता येत नाही. शेवटची पायरी मात्र त्यांना अडचणीची. अर्थात कृत्रिम टाळूला फक्त स्पर्श कळतो. टाळूपर्यंत न पोचता थोडीशी उचललेली जीभ त्याला दिसत नाही, असे म्हणून येथे सुटका करून घेता येत होती.

ती वाट लुसी एलिस आणि विल्यम हार्डकॅसल यांच्या २००२ च्या अभ्यासाने अरुंद केली. त्यांनी कृत्रिम टाळूच्या जोडीला चुंबकीय क्षेत्रात जिभेवरील वेटोळ्यांचा मागोवा घेण्याचे तंत्र वापरले; त्यात स्पर्शाविना झालेली उचलही टिपली जाते. काही वक्त्यांमध्ये चेष्टा लहान-मोठी होत गेलेली आढळली. पण काहींच्या जिभेचे टोक मुळी उचललेच गेले नव्हते. त्यांचा ‘न्’ पुढच्या ‘क्’च्या स्थानी पूर्णपणे बदललेला होता.

यावर चेष्टावाद्यांना एक उत्तर देता येते: चेष्टा लहान होत होत तिचे परिमाण शून्यावर आले, एवढेच. हे उत्तर तर्काला धरून असले तरी समाधानकारक नाही. शून्य परिमाणाची चेष्टा आणि चेष्टेचा अभाव यांत भेद करणारा कोणता पुरावा असू शकेल, हे सांगता आले नाही तर ‘पुसली जात नाही’ या विधानाला खोटे ठरवण्याची सोयच उरत नाही. ‘परफेक्ट मेमरी’च्या उदाहरणाचे सामर्थ्य नेमके उलट होते; तेथे कानाचे म्हणणे खोडून काढणारी जीभ प्रत्यक्ष दिसत होती. जेथे ती दिसते तेथे सिद्धांत मानावा, आणि जेथे दोन साधनांनी शोधूनही दिसत नाही तेथे वक्त्याने तो वर्ण खरोखर सोडून दिला किंवा बदलला, असे मान्य करावे, हीच भूमिका प्रामाणिक वाटते. तिच्यामुळे चेष्टालेखाला बाध येत नाही. त्याच्या व्याप्तीचा दावा तेवढा आखडता घ्यावा लागतो.

अर्थात यामुळे ध्वनिलेखन करणाऱ्याची अडचण मिटत नाही, वाढते. एकीने ‘ट्’ पूर्ण उच्चारला आणि ओठांनी तो झाकला. दुसरीने तो उच्चारलाच नाही. दोघींचे बोलणे ऐकणारा कान एकच शब्द लिहून घेतो, आणि दोघींच्याही माथी अक्षर खाल्ल्याचा एकच आरोप येतो. त्यांपैकी निदान एकीच्या बाबतीत तो आरोप खोटा आहे; कोणत्या, ते कागदावरील अक्षरांवरून कळण्यासारखे नाही.