एकशे चाळीस गुणांचा हिशेब

लातूरला नीटची तयारी करतेय. सराव परीक्षेचा निकाल लागला की माझी नजर माझ्या नावाआधी शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या नावावर जाते. या वेळी तिला ७२० पैकी ६१०, मला ४७०. पुढच्या पेपरात तिचे गुण कमी यावेत, असं क्षणभर मनात आलं. ते आलं, हे स्वतःशी तरी मान्य करायला हवं. पण तिचे गुण घसरले म्हणून माझा एकही वाढणार नाही. मी तिच्याकडे तिचा पेपर मागितला, तिनं लगेच दिला.

बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. १८० प्रश्नांपैकी तिचे १५४ बरोबर, ६ चूक, २० सोडलेले. माझे १२७ बरोबर, ३८ चूक, १५ सोडलेले. म्हणजे न येणारे प्रश्न तिनं माझ्यापेक्षा जास्त सोडले होते.

मग माझे ३८ चुकलेले प्रश्न उत्तरसूची न बघता पुन्हा सोडवले. मदतीशिवाय जे सुटले ते मला येत होते, पण परीक्षेत हातून गेले. असे १४ निघाले. कुठे ‘अयोग्य विधान ओळखा’ वाचूनही योग्य विधान निवडलं होतं, कुठे सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं होतं. १३ तुक्के होते आणि ११ खरंच येत नव्हते.

आधी वाटलं, तुक्क्यांनीच बुडवलं. पण तुक्का मारला की मी प्रश्नाशेजारी ठिपका देते. ठिपके १७ होते आणि त्यातले चार बरोबर आले होते. सोळा मिळाले, तेरा गेले. नुकसान झालं नाही, उलट तीन गुण फायदा झाला. मात्र ते तीन गुण माझ्या अभ्यासाचे नाहीत, हेही मनाला सांगावं लागलं.

खरं भगदाड त्या १४ प्रश्नांत आहे. प्रत्येकी चार हुकले आणि एक कापला गेला, म्हणजे ७० गुण. आमच्यातलं निम्मं अंतर एवढ्यातच आहे. उरलेलं निम्मं अभ्यासाचं आहे, ते एका महिन्यात भरणार नाही. ती दुसऱ्यांदा नीट देतेय. माझं रोटेशनल मोशन अजून एकदाही पूर्ण झालेलं नाही. म्हणून ६१० हे आज माझं माप नव्हे.

माझं माप हे: येत असून चुकणारे प्रश्न १४ वरून ७ वर आणायचे. बाकी सगळं असंच राहिलं तरी ५०५ होतात. पेपर कधी सोपा येतो, कधी अवघड, त्यामुळे नुसत्या गुणांवरून प्रगती कळत नाही. पुढच्या निकालात मी आधी येत असून चुकलेले प्रश्न मोजणार आहे, मैत्रिणीचे गुण त्यानंतर.