तक्ता खालून वर वाचताना

घाई नको. फुलंब्री तालुक्यातलं अठराशे वस्तीचं एक गाव मनात आणा. गाव काल्पनिक, पण खडक तिथलाच: काळा बेसाल्ट, ज्याच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी. समोर गावाच्या नळयोजनेचा लॉगफ्रेम तक्ता आहे. तो सगळ्यात खालच्या ओळीपासून वाचू.

खाली निधी आणि कामं: विहीर, पंप, जलकुंभ, जलवाहिनी. ही ओळ मोजमाप पुस्तिकेवरून पडताळता येते. इथे थोडं थांबा. काम झालं, म्हणून पाणी आलं का?

वरची ओळ सुविधेची: घरोघरी नळ. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा, म्हणजे या गावाला ९९,००० लिटर. पंप तासाला ११,००० लिटर उपसत असेल, तर तो नऊ तास चालायला हवा. वीज आठच तास राहिली, तर माणशी ४९ लिटरच उरतात, तेही गळती न धरता. आता नजर उजवीकडच्या शेवटच्या रकान्याकडे न्या, गृहीतकांच्या. तिथे ‘वीज नियमित राहील’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी ‘रोज नऊ तास’ असं लिहिलं, की ते तपासता येतं.

आणखी एक ओळ वर जाऊ. इथे परिणाम: प्रत्येक घराला पुरेसं पाणी, पाण्यासाठीची पायपीट बंद. गावाची सरासरी काढून हे कळत नाही, कारण टाकीजवळच्या घरांत धार जोरात असते आणि वाहिनीच्या टोकाला करंगळीएवढी. टोकाच्या नळाखाली पंधरा लिटरची बादली मनानेच ठेवा. ती भरायला पाच मिनिटं लागली आणि नळ तासभरच आला, तर बारा बादल्या, १८० लिटर. पाच माणसांच्या घरात माणशी ३६. बाकीचं पाणी कोण, कुठून आणतं, हा प्रश्न त्या घरातल्या बाईलाच विचारावा लागेल. पडताळणीच्या रकान्यात म्हणूनच ग्रामपंचायतीच्या नोंदवहीशेजारी तिचं उत्तरही हवं.

आता महिना बदला. दिवाळीनंतर मोजलेली बादली मे महिन्याची साक्ष देत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मेमध्येही मोजते. त्या नोंदीशेजारी आपल्या विहिरीची पातळी ठेवून पाहा. ती खाली गेली असेल, तर पाइप बदलून उपयोग नाही. आधी उद्भव बळकट करावा लागेल.

मग निर्देशक पुन्हा लिहा: ‘मे महिन्यात, टोकाच्या घरात, माणशी ५५ लिटर.’ एवढ्या वाक्यात महिना आहे, घर आहे आणि आकडा आहे. यातलं काही गाळलं, तर नळ कोरडा असतानाही योजना कागदावर पास होऊ शकते.