त्रिकोणाबाहेरचा तोटा

मक्तेदारीमुळे समाजाचे किती नुकसान होते, याचे पाठ्यपुस्तकातले उत्तर आलेखावरच्या एका त्रिकोणात मावते. समजा, एका वस्तूला नगामागे 20 रुपये खर्च येतो, स्पर्धेत ती त्याच भावाने 80 नग खपते आणि भाव रुपयाने वाढला की खप एका नगाने घटतो. एकट्याच परवानाधारकाला भाव 60 रुपये ठेवणे सर्वांत फायद्याचे. मग खप 40 नगांवर येतो. न विकलेल्या 40 नगांतून, खर्च वजा जाता, ग्राहकांना मिळाला असता तो 800 रुपयांचा लाभ कोणाच्याच पदरात पडत नाही. हाच तो त्रिकोण. विकलेल्या नगांवरचा 1600 रुपयांचा नफा ग्राहकाकडून मालकाकडे जातो, म्हणून तो तोट्यात धरत नाहीत. आर्नोल्ड हार्बर्गर यांनी 1954 मध्ये अमेरिकी कारखानदारीचा असा हिशेब मांडला, तेव्हा नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.1 टक्क्याच्या आसपास भरले.

गॉर्डन टुलॉक यांनी 1967 मध्ये विचारले की, हे 1600 रुपये मिळवण्यासाठी माणसे किती खर्च करतील? दोन तुल्यबळ दावेदार असतील आणि खर्चाच्या प्रमाणात परवान्याची शक्यता वाढत असेल, तर प्रत्येकी 400 रुपये ओतणे त्यांच्या हिताचे ठरते. हरणाऱ्याचे 400 रुपयेही परत येत नाहीत. वकील, मध्यस्थ आणि दिल्लीतल्या फेऱ्यांवर गेलेले हे 800 रुपये त्रिकोणात मिळवले की तोटा दुप्पट. दावेदार वाढतील तसा सगळा नफाच या झटापटीत जिरू शकतो. मग तोटा 2400 रुपये, म्हणजे तिप्पट.

भारतात हे कागदावरच राहिले नाही. ॲन क्रूगर यांनी 1974 च्या लेखात आपल्याकडच्या सरकारी नियंत्रणांतून निर्माण झालेल्या अशा आयत्या नफ्याचा 1964 सालचा अंदाज दिला : राष्ट्रीय उत्पन्नाच्या 7.3 टक्के. आयात परवाने स्थापित क्षमतेच्या प्रमाणात मिळत असतील, तर आधीची यंत्रे अर्धी बंद असतानाही नवी बसवणे कारखानदाराला परवडते, हे त्यांनी दाखवले. मला हे सर्वांत गंभीर वाटते, कारण अशी उधळपट्टी ताळेबंदात गुंतवणूक म्हणून दिसते.

यावर आक्षेप येतो की लाच हाही निव्वळ हस्तांतराचाच प्रकार आहे. पैसा देशातच राहतो. तेवढ्यापुरते ते खरे. पण लाच मिळणारी खुर्ची मग स्वतःच बक्षीस बनते आणि तिच्यासाठी शिक्षणाची वर्षे व वशिला खर्ची पडू लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सगळा नफा नेहमीच जिरत नाही. दावेदार मोजके असले किंवा विजेता आधीच ठरलेला असला, तर खर्च कमी होतो. म्हणून 7.3 टक्के हा आकडा नासाडीचा नव्हे, तर नासाडीच्या संभाव्य मर्यादेचा मानावा. खुल्या लिलावात हाच नफा बोलीच्या रूपाने तिजोरीत जातो, तरी त्रिकोण तसाच राहतो. परवाना गुणवत्तेच्या नावाखाली बंद दाराआड वाटला, तर त्याची किंमत हरलेल्या अर्जदारांचा खर्च धरल्याशिवाय कळत नाही, आणि तो खर्च कोणत्याही सरकारी जमाखर्चात लिहिला जात नाही.