माझ्या दारापुरता डोळा

घरमालकाला लिहायच्या अर्जांत बहुतेक वेळा आपण काही तरी जास्तीचं मागतो. नळाला जास्त पाणी, भाडं वाढवायला जास्त मुदत, गच्चीवर कपडे वाळत घालायला जास्त जागा. मी अलीकडे एक अर्ज लिहिला, त्यात मला कमी मागायचं होतं. आणि कमी मागणं हेच अवघड निघालं.

मी अक्कलकुव्यात भाड्याने राहते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हायवेवरचं, गुजरातच्या सीमेला लागून असलेलं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून शिक्षणाला, नोकरीला आलेली माणसं इथे एकेक खोली घेऊन राहतात. आमच्या वाड्यात समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा आहेत आणि मध्ये सहा फुटांचं अंगण. मी नर्स आहे, एकटी राहते, ड्युटी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. गेल्या दोन महिन्यांत दोनदा मध्यरात्री कुणी तरी कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत निघून गेलं. म्हणून मला दारावर कॅमेरा हवा आहे.

भिंत घरमालकाची, म्हणून परवानगी त्यांची. इथपर्यंत सरळ आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 सांगतो की मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूने कायमचं बांधकाम करू नये. दोन स्क्रूंवरचा कॅमेरा काही कायमचं बांधकाम नव्हे. पण भिंतीला भोक पाडायच्या आधी विचारावं, आणि लेखी विचारावं, हे दोघांच्याही सोयीचं. उद्या खोली सोडताना डिपॉझिटवरून वाद नको.

प्रश्न पुढे आहे. काका भिंत देऊ शकतात. पण समोरच्या खोलीतली ताई पहाटे ओट्यावर केस विंचरत बसते, ते दृश्य काकांच्या मालकीचं आहे का? जे त्यांचं नाही, त्याची परवानगी ते मला कशी देणार?

हा प्रश्न कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा आहे. 1882 सालच्याच भारतीय सुविधाधिकार कायद्यात एक उदाहरण दिलंय. एखाद्या गावात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या घराच्या खासगी भागात डोकावेल अशी नवी खिडकी कुणी काढू नये, तर तिथे शेजाऱ्याला तसा हक्क मिळतो. त्याही आधी, 1867 साली, मुंबई हायकोर्टाने गुजरातमधल्या एका प्रकरणात ही रूढी मान्य केली होती. आपल्या भिंतीत खिडकी काढायला आपण मोकळे, पण ती कुठे उघडते याबद्दल मोकळे नाही, असा त्याचा अर्थ. या रूढीमागे बायकांना पडद्याआड ठेवणारा समाज होता, हे विसरून चालणार नाही. तो पडदा मला नको आहे. पण त्यातला गाभा अजून कामाचा वाटतो: भिंतीचा मालक आणि नजरेचा मालक हे दोन वेगळे आहेत.

कॅमेरा म्हणजे नवी खिडकीच. फक्त या खिडकीत कोण उभं आहे ते दिसत नाही, आणि ही खिडकी विसरत नाही.

"पण अंगणात सगळे सगळ्यांना बघतातच की," असं कुणीही म्हणेल. खरं आहे. मी कधी येते, कुणाबरोबर येते, हे समोरच्या ताईला पाठ आहे. पण ती बघते तेव्हा मलाही ती दिसते. तिचं मला माहीत असतं आणि माझं तिला. त्यामुळे दोघी जपून बोलतो, बरंच काही विसरून जातो. कॅमेऱ्याशी असा व्यवहार होत नाही. शिवाय समोरचं कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातं. माझ्या कॅमेऱ्यात त्यांचं दार येत असेल, तर त्या दाराला नेमकं किती दिवस कुलूप होतं, याची तारीखवार नोंद माझ्या फोनमध्ये राहील. ही नोंद मला नको आहे. ती माझ्याकडे आहे हे इतरांना कळणं तर त्याहून नको.

तेव्हा आधी कॅमेऱ्याला माझ्या दारापुरतं बसवता येतं का, ते तपासलं. ओळखीच्या एकाचा जुना कॅमेरा चौकटीच्या वर, सात फुटांवर, चिकटपट्टीने लावून पाहिला. ताईला आधी सांगितलं होतं आणि ती सोबत उभी होती. दाराच्या वर लावलेल्या कॅमेऱ्याचं तोंड किती खाली वळवलंय, यावर सगळं ठरतं. चित्राची वरची कड 45 अंशांवर ठेवली, तर जमीन सात फुटांपर्यंत दिसते. अंगण सहा फुटांचं, म्हणजे ताईचा उंबरा आणि उंबऱ्यावरचे पाय चित्रात आले. तोंड आणखी खाली, 35 अंशांच्या आसपास आणलं, तेव्हा जमीन पाच फुटांवर संपली. तिथे खडूने रेघ मारली. ताई रेघेपलीकडे चालली, स्क्रीनवर काही नाही. माझ्या दारापासून तीन फुटांवरून चालली, तर फक्त कमरेच्या थोडं खालपर्यंत दिसली. कडी वाजवायला एका फुटावर आली, तेव्हा चेहरा आला.

याची किंमतही आहे. वरून दिसणारा चेहरा अर्धा कपाळ आणि केसच असतो, टोपी घातली तर तेवढाही नाही. डोळ्यांच्या उंचीवर लावला असता तर माणूस स्वच्छ दिसला असता, पण त्याच्यामागे ताईचं अख्खं दार दिसलं असतं. थोडी कमी खात्री मी पत्करली.

भिंग रुंद असल्याने डाव्या-उजव्या बाजूला माझ्याच रांगेतल्या शेजाऱ्यांचे ओटे येत होते. तिथे ॲपमधला प्रायव्हसी मास्क लावायचा, म्हणजे तेवढा भाग रेकॉर्डिंगमध्येही काळा राहतो. इथे बरेच जण फसतात. ॲपमध्ये मोशन झोन नावाचंही एक सेटिंग असतं. त्याने फक्त सूचना कधी यावी ते ठरतं. झोनच्या बाहेरचा माणूस सूचना देत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये येऊ शकतो. काळा चौकोन स्क्रीनवर दिसत नसेल, तर काहीही झाकलेलं नाही असं समजावं. आणि काही कॅमेऱ्यांत मास्कची सोयच नसते, म्हणून विकत घेण्याआधी विचारावं.

आवाजाचं तर आणखी वेगळं. चित्राला कड असते, आवाजाला नसते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात ऑक्टोबर 2021 मध्ये दाराच्या कॅमेऱ्यांवरून शेजाऱ्यांच्या भांडणाचा निकाल लागला. न्यायाधीशांना चित्रापेक्षाही आवाजाचं रेकॉर्डिंग जास्त आक्षेपार्ह वाटलं, कारण समोर कुणी नसतानाही दूरवरचं बोलणं त्यात येत होतं. सहा फुटांच्या अंगणात तर घराघरातलं भांडण माझ्या फोनवर साठलं असतं. म्हणून माइक बंद.

एवढं झाल्यावर काकांशी तोंडी बोलले. ते लगेच तयार झाले, जरा जास्तच तयार झाले. "अगं बेटा, सगळं अंगणच घे ना. सगळ्यांचीच सेफ्टी होईल. माझ्या मोबाईलवर पण जोडून दे."

काकांचा हेतू वाईट नाही. पण खोली देणाऱ्याच्या फोनवर भाडेकरूंचं अंगण चोवीस तास दिसू लागलं, की कुणाकडे पाहुणा राहिला, कुणाचा मुलगा उशिरा आला, भाडं थकलेलं असताना कुणाकडे नवी गाडी आली, हे सगळं विचारता येतं. आणि ज्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं, ते भाडेकरू असल्यामुळे म्हणणार नाहीत. 2025 मध्ये कलकत्ता हायकोर्टाने सांगितलं की राहत्या घरात सहरहिवाशांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हे त्यांच्या खासगीपणावर अतिक्रमण आहे. सुप्रीम कोर्टाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पण कोर्टापर्यंत जायला घर हातात असावं लागतं. आमच्या अंगणातलं कुणी त्यासाठी वकील करणार नाही.

म्हणून अर्जात परवानगीही मागायची होती आणि मिळत असलेली मोठी परवानगी परतही करायची होती. शेवटी असं लिहिलं:

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या खोलीच्या दारावर छोटा कॅमेरा बसवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. रात्रपाळीमुळे दारावर कोण आलं ते मला कळणं गरजेचं आहे.

चौकटीच्या वर दोन स्क्रू मारीन. खोली सोडताना कॅमेरा काढून भोकं बुजवून, रंग लावून देईन. वायर माझ्या खोलीतूनच येईल, वीज माझ्या मीटरवर.

कॅमेऱ्यात माझा उंबरा आणि त्यापुढची पाच फूट जमीन एवढंच दिसेल. समोरचं दार, शेजारचे ओटे आणि नळ दिसणार नाहीत. आवाज रेकॉर्ड होणार नाही. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर राहील आणि सात दिवसांनी पुसलं जाईल.

संपूर्ण अंगण घ्यावं, असं आपण सुचवलंत. ते मला करता येणार नाही. तिथे इतर घरं राहतात आणि त्यांच्या वतीने मी किंवा आपण हो म्हणू शकत नाही. रेकॉर्डिंग माझ्याशिवाय कुणाच्या फोनवर जोडलेलं नसेल. काही घडलंच, तर तेवढा भाग मी स्वतः पोलिसांना देईन.

शेजाऱ्यांना मी स्क्रीन दाखवली आहे. आपणही येऊन पाहावी. कुणाची हरकत आली तर कोन बदलीन, नाही तर काढून टाकीन.

आपली,
कोपऱ्यातल्या खोलीतली भाडेकरू

शेजाऱ्यांना आधी दाखवलं, काकांना नंतर लिहिलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मालकाने हो म्हटल्यावर शेजाऱ्याला विचारणं म्हणजे विचारणं नव्हे, कळवणं. आणि कागदापेक्षा स्क्रीन दाखवणं बरं. रेघेच्या कुठल्या बाजूला आपण दिसतो आणि कुठल्या बाजूला नाही, हे चालून बघता येतं. त्यासाठी वाचता यावं लागत नाही.

तरी एक गोष्ट उरते. तो कोन उद्या बदलायला मला दोन बोटं पुरेत. पोरांचा चेंडू लागून कॅमेरा वर सरकला, ॲप रीसेट होऊन काळे चौकोन गेले, तर ते फक्त मलाच कळेल. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे ते तपासायला कुणी येणार नाही. शेजारी माझ्या कॅमेऱ्यावर नाही, माझ्या शब्दावर विसंबून आहेत. मला एका अनोळखी माणसाची भीती वाटली, त्यावर उपाय म्हणून मी पाच ओळखीच्या घरांकडून विश्वास उसना घेतला आहे. तो फेडायचा रस्ता एकच: दर महिन्याला ताईला हाक मारायची, खडूच्या रेघेवर उभं करायचं, आणि स्क्रीन तिच्या हातात द्यायची.