काका प्रवासात आहेत?

श्रावणातल्या एका संध्याकाळची गोष्ट. बाहेर पाऊस पडत होता. माझ्यासमोर सातवीच्या निबंधाच्या वह्यांचा ढीग होता, आणि आमची आई नेहमीप्रमाणे साडेसातला दिवाणखान्यातल्या टीव्हीपुढे येऊन बसली होती. जुने मराठी चित्रपट पाहण्यासाठी आम्ही इंटरनेटवरच्या एका चित्रपट-सेवेची वर्गणी भरतो. मुलीने टीव्ही लावला, आणि पडद्यावर चित्रपटाऐवजी एक वाक्य उमटले. हा टीव्ही तुमच्या घराचा भाग नाही, असा त्याचा भावार्थ होता.

आई वाक्य वाचून माझ्याकडे पाहत म्हणाली, "अरे, मग कुणाच्या घराचा आहे?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधायला मला पुढचे आठ दिवस लागले. ते शोधताना माझी जी थोडीशी नाचक्की झाली, तीच आज वाचकांपुढे ठेवणार आहे.

आधी हे कोडे काय आहे ते सांगतो; कारण पुष्कळ घरांत ते पडते आणि पुष्कळजण उगाच टीव्हीवर रागावतात. अशा सेवांच्या मर्यादा साधारणपणे तीन असतात. एका वेळी किती पडद्यांवर पाहता येईल, ही पहिली. किती यंत्रांवर खाते उघडे ठेवता येईल, ही दुसरी. आणि ती यंत्रे एकाच घरातली आहेत का, ही तिसरी. पहिली मर्यादा ओलांडली तर 'सध्या दुसरीकडे कोणीतरी पाहत आहे' असे सांगितले जाते. तिकडे टीव्ही बंद केला की भागते. आमच्या घरी आड आली होती ती तिसरी.

आता, कंपनीला आपले घर कसे कळते? ती काही घर पाहायला येत नाही. घरातला एक टीव्ही ज्या इंटरनेटच्या जोडणीवर चालतो, ती जोडणी म्हणजे घर, असे ती धरते. त्याच जोडणीवर जे फोन आणि टीव्ही वरचेवर दिसतात, ती घरातली मंडळी. बाकीचे पाहुणे. पाहुण्याच्या पडद्यावर दोन वाटा दाखवल्या जातात. 'मी प्रवासात आहे, तात्पुरते पाहू द्या' ही एक, आणि 'हेच माझे घर आहे असे नोंदवा' ही दुसरी. कोणतीही वाट धरली, तरी खातेदाराच्या फोनवर किंवा ईमेलवर विचारणा येते. तात्पुरत्या वाटेला चार आकडी कोड मिळतो आणि तो पंधरा मिनिटांत शिळा होतो.

आमचा धाकटा भाऊ सांगलीला असतो. मिरजेहून सांगली म्हणजे काय, सिटी बसमध्ये बसून तिकीट काढेपर्यंत अर्धी वाट सरते. त्याच्या टीव्हीवर आमचेच खाते. दर काही दिवसांनी त्याचा फोन यायचा, "दादा, कोड सांग रे," आणि मी सांगत असे. त्या आधीच्या रात्रीही असाच फोन आला. मी वह्यांत गुंतलेला होतो. फोनवर आलेला मजकूर न वाचताच मी 'होय' दाबले. तो कोडाचा निरोप नव्हता. घर बदलण्याची परवानगी होती. वहिनीच्या हातून पडद्यावर दुसरी वाट दाबली गेली होती, आणि मी तिच्यावर शिक्का मारला होता. आमचे घर त्या रात्री मिरजेहून उठून सांगलीला गेले, ते माझ्याच बोटाने.

मी घर परत मिरजेला आणले. दुसऱ्या दिवशी भावाचा टीव्ही रुसला. असे दोनदा झाल्यावर विचारणा इतक्या वाढल्या की शेवटी मी एका रविवारी खात्याच्या पानावर जाऊन यंत्रांची यादी उघडली. कोणते यंत्र, शेवटचे केव्हा वापरले, कोठे वापरले, एवढे तेथे लिहिलेले असते.

अकरा यंत्रे निघाली. आमचा टीव्ही, आम्हा नवराबायकोचे दोन फोन, पुण्याला वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचा फोन व लॅपटॉप, भावाचा टीव्ही आणि वहिनीचा फोन, ही सात तर ओळखीचीच. आठवा, मुंबईतला एक फोन पाहून मात्र माझ्या पोटात गोळा आला. मुंबईत आमचे कोणी नाही. चोर सापडला, असे वाटले. पण यंत्राचे नाव आणि वेळ पाहिली, तर तो माझाच फोन होता! आदल्या आठवड्यात पावसात तार तुटून घरचे इंटरनेट बंद पडले होते, तेव्हा मी मोबाईलच्या जोडणीवर एक चित्रपट पाहिला होता. मोबाईलची वाहतूक पुष्कळदा एखाद्या मोठ्या शहरातल्या केंद्रातून बाहेर पडते, म्हणून मिरजेत बसलेला माणूस मुंबईत दिसतो. यादीतले गाव म्हणजे अंदाज. त्यावरून कोणाला चोर म्हणू नये. यंत्राची जात आणि वेळ आधी जुळवून पाहावी.

नववा होता माझाच जुना फोन, जो मी दोन वर्षांपूर्वी दुकानात देऊन नवा घेतला होता. खाते बंद न करताच दिला होता. दहावे यंत्र शाळेतल्या माझ्या एका स्नेह्याचे. त्याला पासवर्ड मीच दिला होता. आणि अकरावा होता सोलापूरचा एक टीव्ही, ज्याला मी ओळखत नव्हतो. चौकशी केली तेव्हा कळले की तो स्नेह्याच्या मेव्हण्याचा. मी एकाला दिले, त्याने दुसऱ्याला दिले. यात कोणी चोरी केली म्हणावे? आणि कोणीच केली नाही, असे तरी कसे म्हणावे?

माझे वडील सांगत, त्यांच्या लहानपणी रेडिओला सरकारी परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. परवाना एका घराचा. पण रेडिओ ओट्यावर ठेवला की सारी आळी बातम्या ऐके. त्याला कोणी चोरी म्हटले नाही. मी हे उदाहरण मनातल्या मनात कंपनीच्या तोंडावर फेकून पाहिले. पण ते पुरतेपणी लागू पडेना. ओट्यावर येणारा माणूस यजमानाच्या डोळ्यांसमोर असे, आणि रेडिओ बंद झाला की उठून जाई. सोलापूरचा टीव्ही मला दिसतही नव्हता. आतिथ्य करायचे तर पाहुणा कोण हे तरी ठाऊक हवे.

कंपन्याही यात धुतल्या तांदळासारख्या नाहीत. या धंद्यातली मोठी कंपनी नेटफ्लिक्स. तिने १० मार्च २०१७ रोजी समाजमाध्यमावर जाहीरपणे म्हटले होते की पासवर्ड वाटून घेणे म्हणजेच प्रेम. २०२२ साली त्याच कंपनीने भागधारकांना कळवले की पैसे भरणारी बावीस कोटींच्या वर घरे आहेत आणि त्यांच्या जिवावर आणखी दहा कोटींहून अधिक घरे पाहत आहेत. २० जुलै २०२३ पासून भारतात तिने हे वाटप बंद करण्याचे जाहीर केले. गिऱ्हाईक जोडायचे होते तोवर ते प्रेम होते. जोडून झाल्यावर तो नियमभंग झाला. 'त्यांनीच शिकवले' असे म्हणण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो.

परंतु तो मोह मोडला तो आमच्या बारा वर्षांच्या मुलीने. यादी पाहताना ती शेजारीच बसली होती. मी तिला पाहुण्याच्या दोन वाटा समजावून सांगत होतो. 'मी प्रवासात आहे' येथपर्यंत आल्यावर तिने विचारले, "बाबा, काका तर घरीच असतात ना? मग काका प्रवासात आहेत, असं रोज कसं दाबतात?"

मी वर्गात खरे बोलण्यावर निबंध घालणारा मास्तर. त्यातला एक ढीग त्या क्षणीही माझ्या मांडीशी होता. मला उत्तर सुचेना. नियम अन्याय्य आहे, असे मला वाटत असेल तर मी तसे सांगावे, वर्गणी बंद करावी. पण नियम मान्य असल्याचे दाखवायचे आणि रोज संध्याकाळी चार आकड्यांचे एक बारीकसे खोटे भावाच्या कानात सांगायचे, हा तिसराच प्रकार झाला. आणि त्याने माझी एक सवयही बिघडवली होती. फोनवर कोणी कोड मागितला की विचार न करता सांगायचा. आज भाऊ मागतो. उद्या भावाच्या आवाजाचा कोणी मागेल.

त्याच संध्याकाळी मी पासवर्ड बदलला आणि 'सर्व यंत्रांवरून बाहेर पडा' हे बटण दाबले. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असे नाही. उघडी असलेली यंत्रे बाहेर काढावी लागतात. विकलेला फोन त्यात गेला. स्नेह्याला मी स्वतः जाऊन सांगितले. तो हसला, पण चार दिवस जरा कमीच बोलला. भावाने स्वतःची वर्गणी घेतली. "दादा, आपण वेगळे झालो म्हणायचे," असे तो थट्टेने म्हणाला. ती थट्टा मला लागली.

कारण खरा प्रश्न अजून तसाच आहे. जनगणनेत घराची व्याख्या अशी आहे की जी माणसे एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक घर. कामाच्या अडचणीमुळे कोणी दूर असला तर तेवढी सवलत. कंपनीच्या व्याख्येपेक्षा ही मला आपली वाटते. चूल हीच आपल्याकडे घराची खूण. या व्याख्येने भाऊ वेगळा झाला, हे मला मान्य करावे लागते. त्याची चूल दहा वर्षांपूर्वीच वेगळी झाली आहे. पण मुलाचे काय? त्याची फी मी भरतो, लाडूचा डबा येथून जातो. आणि तरी जनगणनेच्या हिशेबातही वसतिगृह हे वेगळे, संस्थात्मक घर धरतात! आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मोजणाऱ्याला काय कळतंय त्यातलं."

मुलाला मी कोड देणे थांबवले आहे. तो सुटीला आला की घरच्या इंटरनेटवर फोन जोडतो. पुण्यात जितके दिवस चालेल तितके चालते, बंद पडले की बंद. तेथून 'प्रवासात आहे' असे त्याने दाबले, तर ते खोटे की खरे, याचा निकाल मात्र मला लावता आलेला नाही. शिकायला गेलेला मुलगा प्रवासात असतो की नसतो?

वसुबारसेला तो आला. पिशवी खाली ठेवण्याआधीच त्याचा फोन घरच्या इंटरनेटला जोडला गेला. रात्री भाऊही मुलाबाळांसह सांगलीहून आला. आईने चित्रपट लावायला सांगितला. पडद्याने कोणालाच काही विचारले नाही.