एप्रिलचा आकडा

जूनमध्ये एक तरुण विशेष शिक्षिका माझ्याकडे तिचा बायोडाटा घेऊन आली. धारूर आणि वडवणी तालुक्यांतल्या शाळांवर फिरून तिनं चार वर्षं काम केलं होतं. कागद दोन पानांचा आणि नीटनेटका होता. ‘शिकवलेले दिव्यांगत्वाचे प्रकार’ या मथळ्याखाली 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले सगळे 21 प्रकार ओळीनं दिले होते. पुढे ‘वैयक्तिक शिक्षण आराखडे : 14’, ‘थेरपी समन्वय : नियमित’ आणि ‘पालक प्रशिक्षण मेळावे : 6’.

मी तिला विचारलं, हिमोफिलियाच्या मुलाला तू काय वेगळं शिकवलंस? ती गप्प झाली. त्या मुलाला वेगळी अध्यापन पद्धत लागत नाही. रक्तस्राव झाला की त्याची शाळा बुडते, तो बुडालेला भाग भरून काढावा लागतो आणि मैदानावर त्याला जपावं लागतं. हेही काम आहे, पण ते याच शब्दांत लिहायला हवं. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी शिक्षकानं ज्या शाखेचं प्रशिक्षण घेतलं त्या शाखेनुसार होते. तिचं प्रशिक्षण बौद्धिक दिव्यांगत्वाचं. म्हणून आम्ही यादी मोडली आणि तीन वाक्यं केली. पहिल्यात प्रशिक्षण कशाचं आणि नोंदणी क्रमांक कोणता. दुसऱ्यात मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता यांपैकी कोणती मुलं दुसऱ्या तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली वर्गात सांभाळली. तिसऱ्यात कोणती मुलं फक्त ओळखली आणि पुढे पाठवली. एका खेड्यातल्या शिक्षिकेनं ऐकू न येणारं मूल वेळेत ओळखून श्रवण तपासणीपर्यंत पोहोचवलं, तर 21 नावांच्या यादीपेक्षा ती एक नोंद मला जास्त सांगते.

खरी अडचण आराखड्यांपाशी आली. 14 या आकड्यातून काहीच कळत नव्हतं. मी म्हटलं, त्यातलं एक मूल निवड. तिनं नऊ वर्षांचा एक मुलगा निवडला. मेंदूच्या पक्षाघातामुळे त्याचे दोन्ही पाय ताठ, बुद्धीची वाढ मंद, बोलणं तीन-चार शब्दांचं. आईवडील ऊसतोड मजूर. पहिलं उद्दिष्ट होतं, लघवी लागल्यावर खुणेनं सांगणं. हेच पहिलं का, तर कपडे ओले होतात म्हणून त्याला वर्गाच्या दाराशी बसवत असत. अक्षरओळख त्यानंतरची.

तिच्या वहीत सगळं होतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात नोंदवलेल्या दहा प्रसंगांपैकी एकदा त्यानं खूण केली. मग तिनं कामाचे तुकडे पाडले : पोटावर हात ठेवणं, समोरच्याकडे बघणं, थांबणं. आधी त्याचा हात धरून, मग नुसता स्पर्श करून, मग फक्त ‘काय?’ विचारून आणि शेवटी काहीही न करता. मदत कधी कमी करायची याचा तिचा नियम साधा होता : एका पायरीवर सलग तीन दिवस जमलं की पुढची. ऑक्टोबरअखेर दहापैकी सात. बायोडाट्यात हा सात घालायला ती लगेच तयार झाली.

मी एप्रिलचा आकडा विचारला. नोव्हेंबरात घर टोळीबरोबर पश्चिमेकडच्या कारखान्याच्या फडावर गेलं होतं, पोरही सोबत. परतल्यावर तिनं पुन्हा आठवडाभर मोजलं होतं. दहापैकी तीन.

‘‘मॅडम, हा आकडा लिहिला तर मला कोण घेईल?’’

तिची भीती खोटी नाही. कागद चाळणारा घाईत असेल तर तीन हा आकडा तिच्यावरच शेकेल. तरीही मी आग्रह धरला. वैयक्तिक आराखड्याची कल्पना अमेरिकेच्या 1975 च्या कायद्यातून रूढ झाली. मूल वर्षभर एकाच शाळेत येईल, तेच शिक्षक, तीच मोजणी, हे त्या कल्पनेत गृहीत आहे. बीडमधल्या कित्येक मुलांचं वर्ष दिवाळीच्या आसपास तुटतं. भाऊबहीण हंगामी वसतिगृहात राहू शकतात. ज्याला उचलून न्यावं लागतं, ज्याची लघवी काढावी लागते, तो बहुधा आईबरोबरच जातो. मग जून ते ऑक्टोबरचा आराखडा हा निम्माच आराखडा. उरलेले पाच-सहा महिने कागदावर नसतील, तर एप्रिलची घसरण मुलाच्या माथी मारली जाते.

आणि घसरण का झाली, हे शोधावं लागतं. फक्त सराव सुटला असेल, तर जुनी पायरी दोन-तीन आठवड्यांत परत येऊ लागते. तशी आली नाही तर आधी झटक्यांबद्दल विचारायचं, कारण फडावर गोळ्या संपतात आणि त्या अचानक बंद झाल्या की झटके वाढतात. या मुलाचं कारण निराळं निघालं. आई पहाटे अंधारात तोडणीला जायची आणि वाहन भरून यायची. दिवसभर कोपीत त्याच्याजवळ बारा वर्षांची बहीण होती. शिक्षिकेनं खूण शिकवली होती आईला. बहिणीला ती खूण माहीतच नव्हती. त्यानं पोटावर हात ठेवला की तिला वाटायचं, भूक लागली.

पालक प्रशिक्षणाचा रकाना यामुळे बदलला. सहा मेळावे आणि हजेरी काढून टाकली. दुसऱ्या वर्षी टोळी निघायच्या आधी तिनं त्या घरी तीन फेऱ्या मारल्या होत्या : पहिल्या फेरीत स्वतः करून दाखवलं, दुसऱ्या फेरीत बहिणीबरोबर केलं, तिसऱ्या फेरीत बहीण एकटी करत असताना बाजूला बसून पाहिलं. बहिणीचा त्या मुलाला हाताळतानाचा व्हिडिओ आईच्या फोनमध्ये ठेवला. बारा वर्षांच्या पोरीवर हे ओझं टाकावं का, हा प्रश्न मला छळतो. तिचंही शाळेचं वर्ष तिथेच बुडतं. त्याचं उत्तर बायोडाट्यात मावणारं नाही, पण प्रशिक्षण नेमकं कोणाला दिलं हे मात्र लिहायलाच हवं.

थेरपीच्या ओळीत तिनं आधी ‘फिजिओथेरपी दिली’ असंही लिहिलं होतं. ते खोडलं. फिजिओथेरपी देणं तिचं काम नाही आणि जाणकार निवडकर्ता तिथेच थांबेल. तिनं जे केलं ते अधिक मोलाचं होतं. थेरपिस्टनं सांगितलेली बसण्याची पद्धत वर्गात आणली : पाय जमिनीला टेकलेले, गुडघे आणि कंबर काटकोनात, त्यासाठी बाकाखाली लाकडी फळी. पायाचा आधारपट्टा काढल्यावर उमटलेला लाल वळ अर्ध्या तासानंतरही जात नाही, हे तिनं पाहिलं, तारीख टाकून कळवलं आणि वाढत्या पायाला लहान पडलेला पट्टा बदलून घेतला. पट्टा टोचत असताना मूल काहीच शिकत नव्हतं, हे तिच्या त्या आठवड्यांच्या नोंदींत स्पष्ट दिसत होतं.

शेवटी दीड पान उरलं. मधोमध त्या मुलाच्या चार ओळी आल्या : जून 1, ऑक्टोबर 7, एप्रिल 3, कारण आणि केलेला बदल. त्याखाली दुसऱ्या वर्षाचा एप्रिल, दहापैकी सहा.

घरी जाण्याआधी तिनं कागद पुन्हा वाचला आणि पेन मागितलं. सहाच्या पुढे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘मोजणी शाळेत, फडावर काय होतं ते बहिणीनं सांगितल्यावरून.’